ग्राहकाचा जीएसटी नंबर रात्रीत जुना होतो! खरा डेटा नक्की कुठला मानायचा?

कंप्रेसरवाला

मंडळी, भोसरीतल्या एका मध्यम कंपनीत आयटी सांभाळतो. आम्ही कंप्रेसर विकतो आणि त्यांची एएमसी करतो. माल आणि स्पेअरची इनव्हॉइस ईआरपीतून निघतात. एएमसीची तिमाही बिलं वेगळ्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून जातात, कारण ईआरपीत ते जमलं नव्हतं. सेल्सवाली पोरं सीआरएममध्ये असतात. म्हणजे एकच ग्राहक तीन ठिकाणी.

कोल्हापूरची एक फाउंड्री आमची जुनी गिऱ्हाईक. एप्रिलमध्ये ती भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड झाली, म्हणजे पॅन बदलला आणि जीएसटी नंबरही. आमच्या कोल्हापूरच्या पोराने त्याच आठवड्यात सीआरएममध्ये नवा नंबर टाकला, तो ईआरपीत आला, एप्रिलचं इनव्हॉइस बरोबर गेलं. जुलैचं एएमसी बिल मात्र जुन्या नंबरवर गेलं. आणि ऑगस्टचं स्पेअरचं इनव्हॉइस, जे ईआरपीतून निघतं, तेही जुन्या नंबरवर! पाहिलं तर ईआरपीत जुना नंबर, सीआरएममध्येही जुना. पोराला ओरडा बसला की तू बदललाच नाहीस. तो शपथेवर सांगतो की बदलला.

हाताने दुरुस्त केलं. सप्टेंबरात परत जुना. फाउंड्रीवाल्यांना जीएसटीचं क्रेडिट दिसत नाही म्हणून त्यांनी पेमेंट अडवलंय.

आता मोठे साहेब म्हणतात सीआरएमला मास्टर करा, अकाउंट्स म्हणतं ईआरपीला. तुमच्याकडे कुणाला मास्टर मानतात?

टवाळ_टोळी

आमच्याकडे कुलकर्णी मॅडमच्या डेस्कटॉपवरच्या एक्सेलला मास्टर मानतात. मॅडम रजेवर असल्या की कंपनीला ग्राहकच नसतात.

क्लाउडमित्र

सोपं आहे. तिन्ही सिस्टिमचा डेटा एका वेअरहाउसमध्ये आणा, तिथे स्वच्छ करून एकच ग्राहक टेबल बनवा आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. आम्ही सहा महिन्यांत केलं. डॅशबोर्डवर आता प्रत्येक ग्राहक एकदाच दिसतो. लिनिएजचं टूलही लावलंय, कुठला कॉलम कुठून आला ते चित्रात दिसतं.

हिशेबनीस

@क्लाउडमित्र, डॅशबोर्डवर नंबर बरोबर दिसला म्हणून इनव्हॉइसवर बरोबर छापला जातो का? इनव्हॉइस ईआरपीतून निघतं, वेअरहाउसमधून नाही. तुम्ही नदीच्या शेवटी गाळणी लावलीत, वरच्या गावात पाणी तसंच गढूळ.

@कंप्रेसरवाला, आधी पैसे सोडवा. ऑगस्टच्या इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे पोर्टलचा ई-इनव्हॉइस क्रमांक निघाला असेल, तर पोर्टलवर तो रद्द करायला २४ तासच मिळतात, ते केव्हाच गेले. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ९ए तक्त्यात ग्राहकाचा नंबर सुधारता येतो. जीएसटीआर-१ए मधून माल घेणाऱ्याचा नंबर बदलत नाही, तिथे वेळ घालवू नका. पण कागदावर जुनंच नाव राहतं आणि त्यांचे ऑडिटर कुरकुरतात. आम्ही सरळ जुन्या नंबरवर क्रेडिट नोट आणि नव्यावर नवं इनव्हॉइस करतो. तुमच्या सीएंना विचारून ठरवा.

अंगणातली_तुळस

आमच्या विजेच्या बिलावर अजून सासऱ्यांचं नाव येतं. जाऊन अकरा वर्षं झाली त्यांना. अर्ज दोनदा दिला, एकदा बदललंही, पुढच्या महिन्यात परत त्यांचंच! त्यावर काही उपाय आहे का?

टवाळ_टोळी

@तुळसताई, मामंजींचा मोह सुटत नाहीये. बिल थकवून बघा, नाव बदलायला स्वतःच येतील.

जुना_डीबीए

@तुळसताईंचा प्रश्न आणि मूळ प्रश्न एकच आहे, हसू नका. कुठेतरी दुसरी प्रत आहे आणि ती पहिलीवर पुन्हा छापली जाते.

@कंप्रेसरवाला, मास्टर कोण ते नंतर ठरवा. आधी हा एक ग्राहक आणि हा एकच रकाना धरा आणि उलट चालत जा. ईआरपीत त्या रकान्याचा बदल-इतिहास काढा: कोणी बदलला, किती वाजता, आधी काय होतं. माणसाचं लॉगिन दिसतंय की इंटिग्रेशनचं? मग सांगा.

अजून एक. ज्या दिवशी नंबर उलटला, त्या दिवशी त्या ग्राहकाचं *बिलिंगमध्ये* काय झालं होतं?

फ्रँकफुर्टकर

एसएपी असेल तर बदलाचा इतिहास CDHDR आणि CDPOS मध्ये मिळेल. भारतातला जीएसटी नंबर बहुतेक ठिकाणी KNA1 च्या STCD3 मध्ये असतो. सीआरएम सेल्सफोर्स असेल तर फील्ड हिस्टरी आधीपासून चालू असावी लागते. साध्या सेटिंगमध्ये एका ऑब्जेक्टचे २० रकानेच निवडता येतात, आणि जीएसटी नंबर त्यात आहे का हे सहसा कोणी पाहिलेलं नसतं.

कुडाळी_माणूस

मी कुडाळात वितरक आहे. एकच टॅली, एकच मी. तीन सॉफ्टवेअर घेतलीत म्हणून हे दुखणं. नंबर बदलला की गिऱ्हाईक फोन करतं, मी बदलतो, विषय संपला.

कंप्रेसरवाला

@जुना_डीबीए काका, पाया पडतो. इतिहास काढला.

एप्रिल: नवा नंबर, सीआरएमच्या इंटिग्रेशन लॉगिनने.
१८ जुलै, रात्री २ वाजून १० मिनिटं: जुना नंबर, बिलिंगच्या इंटिग्रेशन लॉगिनने.
ऑगस्ट: नवा, मी स्वतः.
सप्टेंबर, पुन्हा रात्री २:१०: जुना. तेच बिलिंगचं लॉगिन.

१७ जुलैला बिलिंगमध्ये त्यांचं एएमसी बिल पडलं होतं. सप्टेंबरात आदल्या दिवशी त्यांची जुनी पावती जमा झाली होती. म्हणजे पैसे आले की नंबर जुना होतो!! सीआरएमच्या हिस्टरीत पोराची एप्रिलची नोंदही सापडली. त्याला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं आणि मिसळ खिलवली.

पण बिलिंगमधून ईआरपीत फक्त येणी जातात असंच मला सांगितलं होतं. जीएसटी नंबर कसा गेला?

जुना_डीबीए

तो जॉब उघडून बघा. पैजेवर सांगतो, लिहिणाऱ्याने येणी तेवढी पाठवायची सोडून ग्राहकाचा अख्खा रेकॉर्ड पाठवलाय. सोपं पडतं, टेस्टिंगमध्ये कळतही नाही, कारण त्या दिवशी दोन्हीकडे नंबर एकच असतो. बिलिंगमध्ये त्या ग्राहकाचं काहीही हललं, बिल पडलं किंवा पावती आली, की "बदललेले रेकॉर्ड" मध्ये तो येतो आणि रात्री सगळे रकाने घेऊन ईआरपीवर बसतो. म्हणून एप्रिलमध्ये केलेला बदल जुलैपर्यंत टिकला. तोवर बिलिंगमध्ये तो ग्राहक हललाच नव्हता.

मग ईआरपीतून सीआरएमकडे जाणारा दुसरा जॉब "ईआरपीतली तारीख नवी आहे" म्हणून तोच जुना नंबर सीआरएममध्ये नेतो. पोराचा बदल तिथेही पुसला.

यातली खोच लक्षात घ्या. "शेवटचं लिहिलेलं खरं" हा नियम बहुतेक सिंकमध्ये असतो. पण ती तारीख कॉपी झाल्याची असते, कळल्याची नसते. एप्रिलमध्ये माणसाला कळलेली गोष्ट जुलैमध्ये मशीनने कॉपी केलेल्या २०१९ च्या गोष्टीपुढे हरली. लिनिएज म्हणतात ते याच्यासाठी हवं. प्रत्येक नोंदीबरोबर ती कुठल्या कागदावरून आणि केव्हा माहीत झाली हे सोबत चालायला पाहिजे.

(२०१९ अंदाजाने म्हटलं. बिलिंग कधी सुरू केलंत?)

कंप्रेसरवाला

२०१९!! काका, तुम्ही आमच्या ऑफिसात कॅमेरा लावलाय का? तेव्हा ग्राहक एका एक्सेलमधून एकदाच चढवले होते. त्यानंतर बिलिंगकडे ग्राहकाची माहिती जाणारा रस्ताच नाही, फक्त तिथून बाहेर येणारा आहे. फाइलचं नाव Customer_Final_v3_NEW.xlsx.

टवाळ_टोळी

हीच ती सिंगल सोर्स ऑफ ट्रुथ. दर्शन घ्या.

क्लाउडमित्र

हे पाहून आमचं लिनिएज टूल तपासलं. ते एसक्यूएल वाचून वेअरहाउसमधला प्रवास छान दाखवतं. पण ईआरपी आणि बिलिंगमधला रात्रीचा जॉब त्याला दिसतच नाही, तो त्याच्या कक्षेबाहेर. आणि एक्सेल तर नाहीच. हिशेबनीस ताईंचा मुद्दा मान्य. तरी तिन्हीतला फरक पकडायला वेअरहाउस चांगलं आहे एवढं म्हणेन. रोज सकाळी हे चालवता येईल, xref म्हणजे तिन्हीकडचे ग्राहक कोड जोडणारं टेबल:

```sql
SELECT x.party_id, e.gstin, b.gstin
FROM xref x
JOIN erp_customer e ON e.cust_code = x.erp_code
JOIN bill_account b ON b.account_no = x.bill_no
WHERE e.gstin <> b.gstin;
```

फ्रँकफुर्टकर

एका बाजूला नंबर रिकामा असेल तर `<>` ते रेकॉर्ड गाळेल आणि तुम्हाला वाटेल सगळं आलबेल. पोस्टग्रेसमध्ये `IS DISTINCT FROM` वापरा. शिवाय xref मध्ये नसलेले ग्राहक इथे येणारच नाहीत, आणि खरी गंमत त्यांच्यातच असते.

बिनधास्त_बंड्या

एक कळलं नाही. चुकीच्या नंबरवर ई-इनव्हॉइस पोर्टलने घेतलंच कसं? तिथे नंबर तपासला जातो ना? म्हणजे पोर्टलचाच घोळ.

हिशेबनीस

@बंड्या, अर्धं बरोबर. नंबर अस्तित्वात नसेल किंवा रद्द झालेला असेल तर पोर्टल परत पाठवतं. पण भागीदारीची कंपनी झाली म्हणून जुनी नोंदणी त्याच दिवशी मरत नाही. शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ भरून नव्या नंबरकडे न्यायचं असतं, तोवर जुना नंबर जिवंत ठेवावाच लागतो. पोर्टलच्या दृष्टीने तो चालू करदाता. तुम्हाला हवा होता तो हा नव्हे, हे पोर्टलला कसं कळणार?

तुमच्याच डेटात मात्र कळू शकतं. जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर भागीदारीला F आणि कंपनीला C. ग्राहकाच्या नावात "प्रायव्हेट लिमिटेड" आणि पॅनमध्ये चौथं F, असं दिसलं की थांबा. आम्ही एक दिवस बसून एवढंच चाळलं तर नऊ ग्राहक निघाले.

कंप्रेसरवाला

@हिशेबनीस ताई, लगेच चाळलं. आमच्याकडे चौदा! त्यातल्या अकरांचं तर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, की सांगितलं आणि पुसलं गेलं, देव जाणे.

आता मूळ प्रश्न. साहेब सोमवारी विचारणार: मास्टर कोण?

जुना_डीबीए

"कोण" असा प्रश्नच चुकीचा, "कशाचा कोण" असा विचारा. कायदेशीर नाव, पॅन, जीएसटी नंबर यांचे मालक अकाउंट्स, आणि ते ईआरपीतच बदलायचे, समोर नोंदणीचा दाखला, म्हणजे आरईजी-०६, असल्याशिवाय नाही. भेटायचा माणूस आणि त्याचा मोबाइल सीआरएमचा, कारण पोरं रोज त्यालाच फोन लावतात. बिल कुठल्या ईमेलवर जायचं आणि एएमसीचा हप्ता कधी, हे बिलिंगचं. बाकी दोघांनी परक्या रकान्याची प्रत ठेवावी, पण ती स्क्रीनवर बदलता येता कामा नये. आणि जॉबने आपल्या मालकीचे रकाने तेवढेच पाठवायचे.

कुडाळी_माणूस

काका, कागदावर झकास. पण सेल्सच्या पोराला सीआरएममध्ये नंबर बदलता आला नाही तर तो अकाउंट्सला मेल करणार, अकाउंट्स तीन दिवस बघणार नाही, गिऱ्हाईक बोंबलणार. चौथ्या दिवशी पोरगा नवा ग्राहकच उघडेल त्याच नावाने. तुमच्या कुलुपामुळे डुप्लिकेट वाढतील. मी आधी एका मोठ्या कंपनीत होतो, हेच पाहिलंय.

जुना_डीबीए

@कुडाळी, हे अगदी खरं आहे आणि याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एका ठिकाणी आम्ही सीआरएममध्ये "बदलाची विनंती" असं बटण दिलं, दाखला तिथेच जोडायचा, अकाउंट्सच्या यादीत तो पडायचा. दिवसाअखेर यादी रिकामी करायची जबाबदारी एका नावावर. ती बाई होती तोवर उत्तम चाललं. ती गेल्यावर यादी चारशेवर गेली.

मोदकप्रिय

डुप्लिकेट म्हटलं म्हणून सांगते. आमच्या कंपनीत एका हुशार सल्लागाराने नाव आणि शहर जुळलं की ग्राहक एकत्र, असा नियम लावला. महाराष्ट्रात श्री गणेश नावाचे कारखाने किती असतील? नाशकातलेच दोन वेगळे "श्री गणेश" एकत्र झाले. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या खात्यावर, आणि ज्याने आयुष्यात उधारी केली नाही त्याला वसुलीचं पत्र. म्हातारे काका ते पत्र घेऊन ऑफिसात येऊन बसले होते, पाणीही प्यायले नाहीत.

सोडवायला दोन महिने लागले, कारण एकत्र करताना जुने कोड पुसून टाकले होते. कुठलं इनव्हॉइस मूळ कुठल्या कोडवर होतं हे कळायलाच मार्ग नव्हता. तेव्हापासून माझा नियम: संशय असेल तर दोन राहू द्या, आणि एक केलेच तर जुने कोड कायम शिल्लक ठेवा.

फ्रँकफुर्टकर

+१. xref टेबलातली ओळ पुसायची नसते, तिला "इथपर्यंत" ची तारीख द्यायची असते. हेच फाउंड्रीच्या नंबरालाही लागू. जुना नंबर चुकीचा नाही, ३१ मार्चपर्यंत तोच खरा होता. मार्चच्या इनव्हॉइसवर आज क्रेडिट नोट काढली तर ती जुन्याच नंबरवर जायला हवी. रकान्यात एकच नंबर ठेवलात तर आजचं बरोबर होताना मार्चचं बिघडेल.

हिशेबनीस

माझ्या मते अशा वेळी ईआरपीत जुन्या कोडवरचा नंबर बदलूच नये. नवा पॅन म्हणजे नवी व्यक्ती, नवा ग्राहक कोड उघडा, जुना नव्या व्यवहारांना बंद करा आणि दोघांना जोडून ठेवा. तारखांच्या भानगडीत पडायलाच नको.

फ्रँकफुर्टकर

ताई, मग सीआरएममध्ये त्या फाउंड्रीचा वीस वर्षांचा इतिहास तुटतो. सेल्सला ती एकच फाउंड्री आहे, तोच मालक, तेच कंप्रेसर.

हिशेबनीस

तुटू दे की. कर विभागाला त्या दोन आहेत.

कंप्रेसरवाला

सोमवार झाला. अपडेट देतो.

बिलिंगचा जॉब बदलला, आता फक्त येणी पाठवतो. पहिल्या रात्री मी जागाच होतो, २:१० ला नंबर हलला नाही. ईआरपीतून बिलिंगकडे नाव, पॅन, जीएसटी नंबर नेणारा नवा रस्ता काढला, पण त्याआधी चौदाही जणांकडून दाखले मागवून ईआरपी दुरुस्त केलं, नाहीतर चुकीचंच वेगाने पसरलं असतं. जुन्या-नव्या कोडच्या वादात हिशेबनीस ताईंची बाजू घेतली: ईआरपीत दोन कोड, सीआरएममध्ये एकच खातं, मध्ये xref. सेल्सवाले नाराज आहेत कारण थकबाकी दोन ओळींत दिसते. "विनंती" चं बटण दिलंय, कुडाळी म्हणतात तसं होतं का ते बघू.

ऑगस्टच्या इनव्हॉइसची क्रेडिट नोट काढली, नवं पाठवलं. जुलैच्या एएमसी बिलाचं घोंगडं भिजत आहे.

एक नवीन शंका. याच मंडळींचा गोव्यात वेर्ण्याला दुसरा कारखाना आहे. पॅन तोच, जीएसटी नंबर ३० ने सुरू होणारा. हा एक ग्राहक की दोन?

जुना_डीबीए

उधारीची मर्यादा पॅनवर, इनव्हॉइस जीएसटी नंबरवर, कंप्रेसर जिथे बसलाय तो पत्ता तिसरा. तीन पायऱ्या. तुमच्या ईआरपीत दोनच असतील, तेही सांगून ठेवतो.

कंप्रेसरवाला

दोनच आहेत. 😐

अंगणातली_तुळस

डीबीए काकांचं वाचून मी परत वीज कार्यालयात गेले आणि विचारलं, "दुसरी प्रत कुठे आहे?" तिथला मुलगा आधी गोंधळला, मग म्हणाला की तुमच्या जागेवर दोन ग्राहक क्रमांक दिसतायत. अर्ज मी एकावर देत होते, बिल दुसऱ्यावर येत होतं!

टवाळ_टोळी

ताई, तुम्हालाच भोसरीला पाठवूया.